फीड टँकच्या व्हेंटमधून उडणारी वाफ: ट्रॅप गेलेत की फ्लॅश स्टीम?

प्रश्न: साकीनाक्याला आमची हॉटेलच्या चादरी-टॉवेलची लाँड्री आहे. बॉयलर पीएनजीवर, प्रेशर ७ केजी. फीड टँकच्या व्हेंटमधून दिवसभर वाफ उडते. फिटर म्हणतो ट्रॅप गेलेत, विकायला आलेला माणूस म्हणतो ही फ्लॅश स्टीम आहे, ती पकडायला व्हेसल बसवा. कोणाचं ऐकू?

उत्तर:

आधी फिटरचं ऐका, मग विकणाऱ्याचं. दोघंही बरोबर असू शकतात, कारण तुमचे सगळे ट्रॅप आज नवेकोरे बसवले तरी त्या व्हेंटमधून वाफ येणारच, फक्त किती यायला हवी हे हिशोबाने काढता येतं आणि त्याच्या वर जे काही उडतंय ते ट्रॅपचं पाप, कारण ट्रॅपचं काम वाफ अडवून फक्त पाणी सोडणं.

हिशोब अवघड नाहीये. ७ केजीला तुमच्या आयर्नरमध्ये वाफेचं पाणी होतं तेव्हा ते पाणी १७० डिग्रीला असतं आणि त्याच्यात किलोमागे साधारण १७१ किलोकॅलरी उष्णता असते. ट्रॅपच्या भोकातून पलीकडे गेलं की प्रेशर जवळपास शून्य, आणि उघड्या हवेच्या प्रेशरला पाणी १०० डिग्रीच्या वर पाणी म्हणून राहूच शकत नाही, म्हणजे त्याला फक्त १०० किलोकॅलरी धरून ठेवता येते. उरलेली ७१ जाणार कुठे? त्याच पाण्यातला काही भाग उकळवून टाकते, हीच फ्लॅश स्टीम. एक किलो पाण्याची वाफ करायला तिथे ५३९ लागतात, म्हणून ७१ भागिले ५३९, साधारण १३ टक्के. कुकर गॅसवर असताना शिट्टी चमच्याने उचलली की आतलं पाणी एकदम खवळतं, तेच हे, फक्त तुमच्याकडे दिवसभर चालू.

समजा तुमचे आयर्नर आणि ड्रायर मिळून तासाला १००० किलो कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी, परत येतं. (तुमचा आकडा वेगळा असेल, त्या प्रमाणात गुणा.) तर तासाला १३० किलोच्या आसपास वाफ टँकवरून उडणं हे नॉर्मल आहे. वजनाने १३ टक्के हे ऐकायला किरकोळ वाटतं पण त्या १३० किलोत उष्णता किती गेली बघा: किलोमागे ६३९ धरून ८३ हजार किलोकॅलरी, आणि अख्ख्या १००० किलो कंडेन्सेटमध्ये होती १ लाख ७१ हजार. म्हणजे जवळपास निम्मी उष्णता व्हेंटमधून गेली, आणि तुम्ही समजताय की कंडेन्सेट रिकव्हरी आहे आपल्याकडे. शिवाय ते पाणी सॉफ्टनरमधून काढलेलं, म्हणजे मीठही गेलं.

आता ट्रॅप लीक आहे की नाही कसं कळणार. टेंपरेचर गनने नाही, हे आधी सांगतो, कारण बरेच जण ट्रॅपच्या पुढच्या पाइपवर गन मारतात आणि "११० दाखवतंय, लीक आहे" असं ठरवून मोकळे होतात. पलीकडच्या पाइपमध्ये फ्लॅश असो की लाइव्ह स्टीम, म्हणजे ट्रॅपमधून निसटलेली बॉयलरची वाफ, दोन्ही तिथल्या प्रेशरच्या उकळबिंदूलाच बसतात, गनला फरक दिसतच नाही. डोळ्यांना थोडा दिसतो: ट्रॅपनंतर टेस्ट कॉक असेल तर उघडून बघा, फ्लॅश असेल तर तोंडापासूनच पांढरी, ढगासारखी मऊ, पाण्याबरोबर पसरणारी वाफ येते, आणि लाइव्ह स्टीम असेल तर तोंडाशी थोडं अंतर काहीच दिसत नाही, नुसता सू आवाज आणि मग पुढे जाऊन पांढरी होते. त्या न दिसणाऱ्या भागात हात घालायचा नाही, हे सांगायला नको.

पण मला स्वतःला ड्रमची टेस्ट जास्त आवडते कारण ती आकडा देते. लोखंडी ड्रममध्ये ५० किलो थंड पाणी घ्या, वजनकाट्यावर ठेवा, टेंपरेचर मोजा, समजा २८. टेस्ट कॉकला जीआय पाइप लावून तोंड पाण्याखाली सोडा (प्लास्टिकचा होज नको, मऊ पडून फेकला जातो) आणि काटा ५ किलो वाढेपर्यंत सोडत राहा, गम-बूट आणि हातमोजे घालून. पाण्यात शिरल्यावर फ्लॅश परत पाणी होते, म्हणजे ट्रॅपमधून जितकी उष्णता निघाली ती सगळी ड्रममध्येच सापडते. ढवळून टेंपरेचर बघा. नुसतं कंडेन्सेट आलं असेल तर ४१ डिग्री होतं, ड्रमचं लोखंड थोडं खातं म्हणून ४० धरा. त्या पाच किलोत दहा टक्के लाइव्ह स्टीम असेल तर ४५च्या वर जातं. पूर्ण फुटलेला ट्रॅप, म्हणजे नुसती वाफच, तर ८५. चाळिशीच्या बरंच खाली आलं तर उलटा आजार, ट्रॅप पाणी अडवून ठेवतोय. आयर्नर फुल लोडवर असतानाच करा, आणि एकेक ट्रॅप वेगळा.

अजून एक फुकटची खूण आहे. जेवणाच्या सुट्टीत आयर्नरवर चादरी जात नाहीत पण वाफ चालू असते, तेव्हा कंडेन्सेट एकदम कमी होतं, त्यामुळे फ्लॅशही त्याच प्रमाणात कमी व्हायला पाहिजे. व्हेंट तसाच धडधडत राहिला तर फिटर जिंकला. फक्त पावसाळ्यातल्या दमट सकाळी ही तुलना डोळ्याने करू नका, तेव्हा तेवढीच वाफ दुप्पट दिसते (आणि शेजारच्या सोसायटीवाले "धूर येतोय" म्हणून भांडायला येतात ते वेगळंच).

ट्रॅप ठीक झाले, आता उरली ती खरी फ्लॅश. इथे सगळ्यांच्या डोक्यात पहिली आयडिया येते ती म्हणजे फीड टँकमध्येच खाली पाण्यात सोडून द्या, तिथेच जिरेल. तुमच्याकडे नाही जिरणार, आणि याचं कारण गमतीचं आहे. वाफ जिरायला थंड पाणी लागतं, आणि फीड टँकमध्ये थंड पाणी म्हणजे फक्त मेकअप, कमी पडलेलं भरून काढायला घातलेलं नवीन पाणी. फीड पंपाला त्रास नको म्हणून टँक ९० डिग्रीला ठेवायचा म्हटलं तर १००० किलो कंडेन्सेटला तासाला १३०० लिटर थंड मेकअप पाहिजे. तुमचं कंडेन्सेट चांगलं परत येत असेल तर मेकअप असेल शंभर-दोनशे लिटर, वॉशरमध्ये थेट जितकी वाफ सोडता आणि बॉयलरमधलं क्षार साठलेलं पाणी काढायच्या ब्लोडाउनला जितकं जातं तेवढाच. म्हणजे रिकव्हरी जितकी चांगली तितकी फ्लॅश जिरवायला जागा कमी. ज्यांच्याकडे कंडेन्सेट निम्मंही येत नाही त्यांच्याकडे मात्र ही आयडिया मस्त चालते.

पण लाँड्रीत नशिबाने दुसरं मोठं थंड पाणी आहे, वॉशरचं. त्यामुळे व्हेसलवाला माणूस तुमच्या बाबतीत चुकीचं सांगत नाहीये, फक्त त्याने व्हेसलमधून निघालेली वाफ कुठे वापरायची ते सांगितलं का हे विचारा. वाफ घेणारा कोणी नसेल तर व्हेसल म्हणजे जास्त महागडा व्हेंट.

व्हेसल ०.५ केजीला चालवायचं धरू. तिथे पाणी १११ डिग्रीला थांबतं, म्हणून फ्लॅश थोडी कमी, ११ टक्के, तासाला ११३ किलो. ती प्लेट एक्स्चेंजर किंवा कॉइलमधून वॉशरच्या गरम पाण्याच्या टाकीला दिली तर ६० हजार किलोकॅलरी मिळते, म्हणजे २८ चं पाणी ६० ला न्यायचं तर तासाला १८५० लिटरच्या पुढे. बॉयलरची एफिशियन्सी ८५ टक्के आणि पीएनजीची नेट कॅलरीफिक व्हॅल्यू ८५०० धरली तर तासाला ८ एससीएम गॅस वाचतो, पण वॉशर खरंच तेवढं गरम पाणी घेत असतील तरच. टाकी मोठी ठेवली की सकाळचं पाणी दुपारी वापरता येतं, म्हणून मी एक्स्चेंजरपेक्षा टाकीच्या साइजवर जास्त वाद घालेन.

व्हेसल स्वतः काही भारी चीज नाही, ६ इंची पाइपचा उभा तुकडा पुरतो. वाफ वर चढायचा वेग सेकंदाला ३ मीटरच्या खाली ठेवायचा म्हणजे पाणी ओढून नेत नाही, ६ इंचात तो २ च्या आसपास येतो. बाजूने कंडेन्सेट आत, वरून अडीच इंची लाइनने वाफ बाहेर, खाली फ्लोट ट्रॅप, वर प्रेशर गेज आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. सेफ्टी व्हॉल्व्ह नेहमीच्या ११३ किलोसाठी नाही, आयर्नरचा एखादा ट्रॅप उघडाच अडकला आणि ७ केजीची वाफ सरळ आत आली तर काय, त्या हिशोबाने घ्या. आयबीआरचं, म्हणजे बॉयलरच्या सरकारी नियमांप्रमाणे, काम करणाऱ्या माणसाला ड्रॉइंग दाखवूनच बनवा.

गडबड बहुतेक खालच्या बाजूला होते. व्हेसलमधून निघणाऱ्या पाण्याला ढकलायला फक्त अर्धा केजी आहे, तो फार तर ५ मीटर पाणी चढवतो आणि पाइपचं घर्षण धरलं तर तेवढंही नाही. मुंबईत गाळा लहान म्हणून फीड टँक माळ्यावर किंवा गच्चीवर असतो, मग व्हेसल भरतं, आणि वाफेच्या लाइनीतून पाणी जायला लागतं. त्यात सकाळी टाकीत एकदम थंड पाणी आलं की एक्स्चेंजर वाफ इतक्या झपाट्याने ओढतो की व्हेसलमध्ये व्हॅक्यूम होतो, तेव्हा तर ढकलायला काहीच उरत नाही. म्हणून व्हॅक्यूम ब्रेकर लावा आणि खालचं पाणी उताराने एका रिसीव्हरमध्ये घेऊन तिथून पंप करा. वाफेच्या प्रेशरवर चालणारा पंप घेतला तर गरम पाण्याने कॅव्हिटेशनची कटकट नाही. उलटी स्थिती, टाकी गरम झाली आणि वाफ घ्यायला कोणी नाही, तर प्रेशर वाढतं, त्यासाठी ०.५ च्या जरा वर उघडणारा सरप्लस व्हॉल्व्ह व्हेंटला जोडून ठेवा, सेफ्टीला रोजचं काम लावू नका.

दुसरं, व्हेसलला जी लाइन आणाल तिच्यात सगळ्या मशिनींचं पाणी कोंबू नका. आयर्नर आणि ड्रायर सतत पूर्ण प्रेशरवर असतात, त्यांना पुढे अर्धा केजी बॅक प्रेशर आला तरी ७ समोर तो काहीच नाही. पण कंट्रोल व्हॉल्व्हवर चालणारी कॉइल असेल, तर टेंपरेचर आलं की व्हॉल्व्ह बंद होत जातो, कॉइलमधलं प्रेशर अर्ध्या केजीच्याही खाली येतं आणि पाणी बाहेर पडायचं थांबतं, मग ठोके सुरू. ती लाइन वेगळी, थेट टँकला. तसंच ट्रॅपपासून व्हेसलपर्यंतचा पाइप पाण्याच्या हिशोबाने अर्धा इंची घेऊ नका, कारण फ्लॅश ट्रॅपच्या तोंडाशीच सुरू होते आणि त्या पाइपात आकारमानाने ९९ टक्क्यांच्या वर वाफच असते. पाइप बारीक असेल तर बॅक प्रेशर अर्धा नाही, दोन-तीन केजी होतो, आणि तुमचा आयर्नर फिरत्या सिलिंडरचा असेल तर आतला सायफन पाणी नीट उचलत नाही, चादरीचा एक पट्टा ओलसर निघायला लागतो. काम झाल्यावर चादरी ओल्या यायला लागल्या तर वाफेचं प्रेशर वाढवायच्या आधी ट्रॅपच्या पुढे एक गेज लावून बघा.

व्हेसलनंतरचं उरलेलं ८८७ किलो पाणी फीड टँकमध्ये पडताना अजून तासाला १९ किलो फ्लॅश देईल, व्हेंटवर हलकीशी वाफ दिसेल. ती तुमच्या शंभर-दोनशे लिटर मेकअपमध्ये बऱ्यापैकी जिरते, तिच्यासाठी वेगळा व्हेंट कंडेन्सर विकायला कोणी आलं तर चहा पाजून परत पाठवा.