इन्डेम्निटी म्हणजे तोशीस लागू न देणं

प्रश्न : ‘इन्डेम्निटी’ म्हणजे नुकसानभरपाईच ना? माझ्या छोट्या ऑनलाइन दुकानासाठी सॉफ्टवेअर घेतोय. पुरवठादाराच्या करारात एकीकडे इन्डेम्निटी आहे, पुढे ‘दायित्व मर्यादित’ही आहे. मग हाती काय लागणार?

नेमकी तीच नाही. लॅटिनमध्ये ‘डॅम्नम’ म्हणजे नुकसान आणि ‘इन्डेम्निस’ म्हणजे नुकसान न पोचलेला. कोशात ‘हानिरक्षण’ आणि ‘क्षतिपूर्ती’ हे प्रतिशब्द मिळतात, पण मला जुन्या खरेदीखतातलं वाक्य जास्त नेमकं वाटतं : ‘तुम्हांस तोशीस लागू देणार नाही.’ एरवी नुकसानभरपाई मागताना समोरच्याने करार मोडला हे आधी दाखवावं लागतं. इन्डेम्निटीत तिसऱ्याच कुणी तुमच्यावर दावा लावला, तर त्याचा भार दुसरा पक्ष उचलतो. करारात ‘हानिरक्षण करील’, ‘दाव्यांपासून मुक्त ठेवील’, ‘बचाव करील’ अशी क्रियापदं दिसली की हे कलम आलं समजा.

आता दुसरं कलम, ‘लिमिटेशन ऑफ लायबिलिटी’ म्हणजे दायित्वाची मर्यादा. ते बहुधा असं असतं : ‘या करारातून कोणत्याही प्रकारे उद्भवणारे पुरवठादाराचे एकूण दायित्व दाव्याआधीच्या तीन महिन्यांत अदा केलेल्या शुल्काहून अधिक असणार नाही.’ (इथल्या ‘लिमिटेशन’चं भाषांतर ‘मुदत’ करू नका. दावा लावायची मुदत हा वेगळा विषय.)

समजा महिन्याचं शुल्क १०० आहे. सॉफ्टवेअरमधून ग्राहकांची माहिती फुटली, त्यांनी तुमच्यावर दावे लावले आणि वकिलासकट खर्च ५,००० झाला. इन्डेम्निटीचं कलम म्हणतं, सगळं पुरवठादार सोसेल. पण ‘कोणत्याही प्रकारे’ आणि ‘एकूण’ या शब्दांत इन्डेम्निटीही सापडते. तुम्हाला मिळतील ३००, उरलेले ४,७०० तुमच्या गळ्यात. दुकान बंद राहून बुडालेला नफा तर ‘अप्रत्यक्ष हानी’ म्हणून बहुतेक वेळा आधीच वगळलेला असतो.

खरी मेख ‘पुरवठादाराचे’ या षष्ठीत आहे. त्याच करारात ‘ग्राहकाच्या वापरामुळे उद्भवणाऱ्या दाव्यांपासून ग्राहक पुरवठादाराचे हानिरक्षण करील’ असं वाक्य असेल, तर त्या देण्याला मर्यादाच नाही, कारण मर्यादा फक्त त्याच्या दायित्वाला लावली आहे. म्हणजे त्याने तुम्हाला द्यायचे कमाल ३००, तुम्ही त्याला द्यायचे होतील तेवढे. मी असे मसुदे वाचताना आधी ‘दायित्व’ शब्द शोधतो आणि त्याच्या मागे कुणाचं नाव आहे ते बघतो.

सही करण्याआधी दोन बदल मागा. ‘पुरवठादाराचे’च्या जागी ‘प्रत्येक पक्षाचे’ करून घ्या आणि शेवटी जोडा : ‘ही मर्यादा हानिरक्षणाच्या कलमाखालील देण्यांना लागू होणार नाही.’ दुसऱ्या बदलाने तुम्ही त्याला दिलेली इन्डेम्निटीही अमर्याद राहते, म्हणून ती तुमच्या चुकीपुरतीच आखून घ्या. अमर्याद जबाबदारी पुरवठादार सहसा पत्करत नाही. तसं झालं, तर माहितीफुटीच्या दाव्यांसाठी वेगळी, मोठी मर्यादा मागा, उदाहरणार्थ दोन वर्षांचं शुल्क. वरच्या हिशेबात ३००चे २,४०० होतात.