शीर्षक सरकवताना दोनच कीफ्रेम पुरे

व्हिडिओत तुमचं शीर्षक यंत्रासारखं सरकत असेल, तर त्याचं कारण बहुधा हे: दोन कीफ्रेममध्ये, म्हणजे शीर्षकाची जागा ठरवून दिलेल्या दोन क्षणांमध्ये, वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच आहे. ते एकदम निघतं आणि भिंतीवर आदळल्यासारखं थांबतं.

आफ्टर इफेक्ट्समध्ये असाल तर आधी एवढंच करा:

- पोझिशनचे दोनच कीफ्रेम ठेवा: पहिला स्क्रीनबाहेर, दुसरा मुक्कामी. २५ फ्रेम प्रतिसेकंदच्या व्हिडिओत मध्ये साधारण १५ फ्रेमचं अंतर ठेवा.
- दोन्ही निवडून F9 दाबा. इझिंग लागेल, म्हणजे वेग हळूहळू वाढेल आणि हळूहळू उतरेल, पण दोन्ही टोकांना सारखंच. बाहेरून येणाऱ्या अक्षरांची सुरुवात कुणाला दिसत नाही, तिथे हळू निघून उपयोग काय? म्हणून ग्राफ एडिटरच्या स्पीड ग्राफमध्ये शेवटच्या कीफ्रेमचा हँडल डावीकडे ओढून इन्फ्लुअन्स, म्हणजे त्या कीफ्रेमजवळचा संथपणा किती लांबवर पसरतो ते, ८०% च्या आसपास न्या आणि पहिल्याचा अगदी कमी करा. आलेख सुरुवातीलाच उंच जाऊन हळूहळू उतरायला हवा.

नवखे हमखास चुकतात ते इथे: चाल आवडली नाही की मध्ये आणखी एक कीफ्रेम टाकतात आणि त्यालाही F9 लावतात. मग वेग तिथे शून्यावर येतो, मजकूर वाटेत अडखळतो. आलेख मध्येच तळाला टेकलेला दिसला, तर तो कीफ्रेम काढून टाका.

उसळी, ओव्हरशूट वगैरे सध्या राहू द्या.