मार्गदर्शन संपताना सरांना काय लिहावे?

*आदरणीय ताई, कार्यालयातील एका वरिष्ठ सरांनी मला वर्षभर मार्गदर्शन केले. पुढच्या आठवड्यात आमची शेवटची बैठक आहे. आभाराचे पत्र लिहायला बसले, तर ‘आपले अमूल्य मार्गदर्शन लाभले’ यापुढे लेखणी सरकत नाही. नेमके लिहायला जावे, तर एक तर खुशामत वाटते, नाहीतर माझीच फुशारकी. अहवाल लिहिण्याच्या बाबतीत मी खूप बदलले, एवढे मात्र खरे. काय लिहू?*

प्रिय मैत्रिणी,

आठवणीवर विसंबून असे पत्र लिहायला बसले की हे होतेच. वर्षभरात झालेला बदल एव्हाना अंगवळणी पडलेला असतो आणि आपण पहिल्यापासून असेच लिहीत होतो, असे वाटू लागते. म्हणून पत्राला हात घालण्यापूर्वी सरांनी शेरे मारून परत दिलेला तुमचा अगदी सुरुवातीचा एखादा अहवाल काढा, अलीकडचा एक काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. जो शेरा तेव्हा पानोपानी होता आणि आता कुठेच उरलेला नाही, तो शोधा. पत्राचा गाभा तिथेच सापडेल.

समजा, जुन्या अहवालात ‘योग्य ती कार्यवाही करण्यात यावी’ अशी वाक्ये जागोजागी आहेत आणि त्यांच्यासमोर समासात सरांनी प्रत्येक वेळी ‘कोणी? केव्हापर्यंत?’ एवढेच लिहिले आहे. नव्या अहवालात मात्र प्रत्येक शिफारशीपुढे काम कोणाचे आणि मुदत कोणती, हे तुम्ही स्वतःहून लिहिले आहे. आता स्वतःला आणखी एक प्रश्न विचारा: या बदलाने पुढे काय झाले? जे स्वतः पाहिले असेल तेवढेच घ्या. मग पत्र साधारण असे होईल:

‘आदरणीय सर, माझ्या पहिल्या अहवालातील शिफारशींसमोर आपण “कोणी? केव्हापर्यंत?” असे लिहिले होते. वाक्य दुरुस्त करून न देता आपण प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारलात आणि उत्तर शोधायला मला संबंधित विभागात जाऊन बोलावे लागले. आता मसुदा करण्यापूर्वीच मी ते बोलणे उरकते. गेल्या अहवालावरच्या बैठकीत काम कोणाचे, यावर वाद झाला नाही. चर्चा थेट मुदतीवर गेली. आकडेवारीची मांडणी मला अजून नीट साधलेली नाही, तिच्यावर काम चालू आहे. आपण दिलेल्या वेळेबद्दल मनापासून आभारी आहे.’

यात सरांचे एकही विशेषण नाही, म्हणून ती खुशामत होत नाही. त्यांनी केलेली एक कृती आहे आणि ती त्यांना स्वतःला पडताळून पाहता येते. ‘दुरुस्त करून न देता’ हे शब्द मला सर्वांत मोलाचे वाटतात. मार्गदर्शक वर्षभरात शेकडो गोष्टी सांगतो आणि त्यांतली नेमकी कोणती रुजली, हे त्याला सहसा कळत नाही. ते कळले, तर पुढच्या व्यक्तीला शिकवताना त्याला उपयोग होतो. तुमच्या फुशारकीच्या शंकेचे म्हणाल, तर त्या बदलात तुमचेही श्रम आहेत आणि ते सांगायलाच हवेत. ‘आपल्यामुळेच मी घडले’ असे लिहिले, तर सरांवर नको तेवढे श्रेय लादले जाते आणि तुम्ही विभागात जाऊन केलेली धडपड पुसली जाते. पूर्वीची उणीव मात्र एकाच वाक्यात, घडले तसे सांगा. ‘मला काहीच येत नव्हते’ असे लिहिले की वाचणाऱ्याला तुमची समजूत काढावीशी वाटते आणि आभार बाजूला राहतात.

एकच बदल पूर्ण सांगावा, फार तर दोन. पाच-सहा बदल एकेका ओळीत उरकले, तर ते पत्र वार्षिक मूल्यमापनासारखे वाचले जाते. अजून न साधलेल्या गोष्टीचा उल्लेख अवश्य ठेवा, कारण त्यामुळे साधलेल्या गोष्टीवर विश्वास बसतो. त्या जागी ‘यापुढेही मदत कराल ना?’ असे मात्र येऊ देऊ नका. शिफारसपत्र हवे असेल किंवा कोणाशी ओळख करून हवी असेल, तर ते काही आठवड्यांनी स्वतंत्रपणे विचारा. आभाराच्या शेवटी विनंती आली की आधीची सगळी वाक्ये तिची प्रस्तावना वाटू लागतात.

आणखी एक काळजी घ्या. सरांनी विश्वासाने सांगितलेले स्वतःचे अनुभव किंवा सहकाऱ्यांविषयीची मते पत्रात आणू नका आणि त्यांना न विचारता पत्राची प्रत त्यांच्या वरिष्ठांना पाठवू नका. ती पाठवावी असे वाटत असेल, तर बैठकीतच परवानगी घ्या. पुष्कळांना ते आवडते, काहींना अवघडल्यासारखे होते.

पत्र शेवटच्या बैठकीनंतर दोन-तीन दिवसांत पाठवा, म्हणजे त्या दिवशी झालेले बोलणेही त्यात घेता येईल. उत्तर आले नाही, तर आठवण करू नका. पुढे कधी आकडेवारीची मांडणी साधली, तर तेव्हा चार ओळी जरूर कळवा.

तुमची ताई