टेन्शन, सुटका आणि धक्का: तीनही बीट्स एकाच सुरावर

प्रश्न: शॉर्टफिल्मच्या स्क्रिप्टमध्ये टेन्शन, सुटका, धक्का असे बीट्स मार्क केले आहेत. प्रत्येकासाठी लायब्ररीतून त्या मूडचं म्युझिक निवडून लावलं, तर सगळं तुकड्या-तुकड्यांचं वाटतंय. बीटनुसार मूड निवडायचा कसा?

उत्तर:

स्क्रिप्टच्या समासात ‘टेन्शन’ एवढंच लिहिलं असेल तर त्यावरून म्युझिक निवडता येत नाही. त्याच्या शेजारी आणखी एक ओळ लिहा: या क्षणी पात्राला काय माहीत आहे आणि प्रेक्षकाला काय माहीत आहे. प्रेक्षकाला धोका ठाऊक आहे आणि पात्राला नाही, हे एक टेन्शन. दोघांनाही काहीच ठाऊक नाही, हे दुसरं. पहिल्यात म्युझिक प्रेक्षकाच्या बाजूने उघड बोलू शकतं. दुसऱ्यात ते जरा जास्त बोललं की पुढचं सगळं आधीच कळून जातं. म्युझिक बदलायची जागाही याच ओळीवरून सापडते: ही माहिती बदलते तिथे बदल, एरवी नाही.

एक सीन घेऊन सांगतो, साधारण पावणेदोन मिनिटांचा. मीरा रात्री घरी येते, किल्ली लावायला जाते तर दार नुसतं लोटलेलं. ती दबकत आत शिरते. स्वयंपाकघरात भांडं वाजतं. डोकावते तर धाकटा भाऊ, एक दिवस आधीच आलेला. दोघं हसतात, बोलतात. ती म्हणते, “दार तरी लावून घ्यायचंस.” तो म्हणतो, “मी आलो तेव्हा उघडंच होतं.”

सीन सुरू होताच गूढ सूर लावायचा मोह आवरा. मीरा पायऱ्या चढत असताना कोणालाच काही माहीत नाही, तिथे म्युझिक नको. पावलं, किल्ल्यांचा आवाज, बस. दार हात लागताच आत जातं, समजा 15व्या सेकंदाला, तेव्हाही लगेच सुरू करू नका. तिच्या चेहऱ्यावर शंका आली की मग. तिच्या आधी म्युझिक घाबरलं तर प्रेक्षक तिच्यासोबत राहत नाही, तिच्या पुढे निघून जातो.

सुरुवात एका खालच्या, लांब धरलेल्या सुराने करा. त्याला ‘सा’ म्हणू. चेलो असेल किंवा सिंथ, चालेल. काही सेकंदांनी त्यावर अगदी हलका कोमल रे येऊ द्या. हे दोन सूर एकत्र धरले की घासतात आणि कान अस्वस्थ होतो, तेवढं पुरेसं आहे. भांडं वाजतं (40व्या सेकंदाच्या आसपास) तेव्हा नवा ट्रॅक लावू नका. त्याच सुराखाली मंद ठोका सुरू करा, मिनिटाला साठेक. लय वाढवत नेण्याची गरज नसते, एकेक थर वाढला की ताण आपोआप वाढतो.

आता सुटका. भाऊ दिसला की बहुतेक जण इथे गोड पियानोचा ट्रॅक लावतात, आणि तुम्हाला जाणवलेला सांधा नेमका इथेच पडतो. सुटकेचं निम्मं काम म्युझिक थांबण्याने होतं. ठोका आणि कोमल रे तिथल्या तिथे काढा, खालचा सा दोन-तीन सेकंदांत विरू द्या आणि घराचे आवाज परत आणा: फ्रिजची घरघर, भावाचं हसू. मग हवंच असेल तर त्याच सा वर शुद्ध ग आणि प, मोजक्या सुरांत. सा तोच राहिल्यामुळे प्रेक्षकाला गाणं बदललं असं वाटत नाही, हवा बदलली असं वाटतं. इथे संवाद आहेत, म्हणून माणसाच्या आवाजाच्या पट्टीत वाजणारी धून टाळा. नाहीतर म्युझिकचा आवाज कमी करूनही शब्द ऐकू येणार नाहीत.

सगळ्यात जास्त विचार धक्क्यावर करावा लागतो, कारण धक्के दोन जातींचे असतात. मागून खांद्यावर अचानक हात पडतो, हा अंगाला बसणारा धक्का. त्याला एकच जोरकस प्रहार, ज्याला स्टिंगर म्हणतात, तो चालतो. तो कटच्या फ्रेमवर किंवा एखादी फ्रेम उशिरा बसवा. एक फ्रेमही आधी नको, कारण चित्राच्या आधी आलेला आवाज चटकन खटकतो. भावाचं वाक्य मात्र दुसऱ्या जातीचं आहे. ते ऐकल्यावर प्रेक्षकाला मनात जोडाजोड करावी लागते: याने उघडलं नाही, मग कोणी? त्याला दीड-दोन सेकंद लागतात. वाक्य संपता संपता तुम्ही ढॅण केलंत तर ती जोडाजोड तुम्हीच करून टाकली. प्रेक्षक दचकेल, पण शहारणार नाही.

म्हणून या वाक्याच्या आधी म्युझिक निघून गेलेलं हवं, आणि तेही कोणाच्या लक्षात न येता. सुटकेची ती ग आणि प ची ओळ वाक्याच्या पाच-सहा सेकंद आधी स्वाभाविकपणे पूर्ण होऊ द्या. मध्येच तोडली तर प्रेक्षक सावध होतो. मग वाक्य येतं ते निव्वळ शांततेत. मीराचा चेहरा. दोन सेकंद काहीच नाही. आणि मग तोच खालचा सा, त्यावर कोमल रे, पहिल्यापेक्षाही हळू. प्रेक्षकाच्या कानाने हा आवाज दाराशी ऐकलेला असतो, त्यामुळे त्याचं मन परत त्या दाराशी जातं. नवा भीतीदायक ट्रॅक कितीही चांगला असला तरी हे करू शकत नाही, कारण त्याला मागची आठवण चिकटलेली नसते.

‘जॉज’ (1975) या चित्रपटात हीच सवय फार हुशारीने वापरली आहे. शार्कच्या धुनीची प्रेक्षकाला सवय लावली, मुलं शार्कच्या पाठीवरचा खोटा पर वापरून लोकांना घाबरवतात त्या प्रसंगात ती धून वाजवलीच नाही, आणि पुढे एकदा खरा शार्क तिच्याशिवाय पाण्यातून वर आणला.

म्युझिक लावून झालं की दोन चाचण्या करा. आधी म्युझिक बंद करून सीन पाहा. सुटका अभिनयात आणि एडिटमध्ये दिसत नसेल तर कोणताही ट्रॅक ती आणू शकणार नाही, तो शॉट दोन सेकंद लांबवून पाहा. मग स्क्रिप्ट न वाचलेल्या माणसाला सीन दाखवा आणि विचारा, अजून काहीतरी घडणार असं कधी वाटलं? “ते दोघं हसत होते तेव्हाच,” असं उत्तर आलं तर धक्का फुटला आहे. बहुतेक वेळा दोष एखाद्या विरून न गेलेल्या खालच्या सुराचा असतो. भाऊ दिसल्यानंतरचा भाग हेडफोनवर ऐका, सापडेल.

लायब्ररीतूनच घ्यायचं असेल तर ज्याचे थर वेगवेगळे मिळतात, म्हणजे स्टेम्स, असा एकच ट्रॅक घ्या. खालचा सूर, ठोका, धून असं वेगळं मिळालं की वरचं बरंचसं त्यातूनच होतं, फक्त कोमल रे वेगळा वाजवून घ्यावा लागेल. स्टेम्स नसतील तर दोन ट्रॅक घ्या, पण दोघांचा सा जुळवा. एडिटरमध्ये पिच एक-दोन सेमीटोन हलवलेली सहसा कळत नाही. त्यापुढे वाद्यं खोटी वाटू लागतात, तेव्हा दुसरा ट्रॅक शोधलेला बरा.