वाबी-साबी म्हणजे फक्त जुनं आणि गावरान का?

प्रश्न: वाबी-साबी म्हणजे नक्की काय? शब्दशः अर्थ काय होतो? आमचा इंटिरियरवाला ओबडधोबड भिंत, जुनाट लाकूड आणि वाकडे मातीचे वाडगे दाखवून ‘हे वाबी-साबी’ म्हणतो. मग आपल्याकडचं कुठलंही जुनं, गावरान सामान वाबी-साबीच झालं ना?

उत्तर: नाही झालं. वाबी आणि साबी हे मुळात दोन वेगळ्या प्रांतांतले जपानी शब्द आहेत, वाबी चहासमारंभाचा आणि साबी कवितेचा. त्यांची जोडगोळी बरीच अलीकडची. जुन्या चहागुरूंच्या लिखाणात ती अशी एकत्र येत नाही. म्हणून दोन्ही सुटे करून बघू.

वाबी ज्या क्रियापदावरून आला त्याचा जुना अर्थ हताश होणं, खंगणं, हलाखीत दिवस काढणं. साबी ज्यावरून आला त्याचा अर्थ ओसाड पडणं, काळानुसार रंग उतरणं. गंजालाही जपानीत ‘साबी’च म्हणतात, फक्त लिहिताना चिन्ह वेगळं असतं. थोडक्यात, दोन्ही शब्द मुळात तक्रारीचे. त्यांना चांगला अर्थ कसा आला, यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

साबी आधी घेतो, कारण तो लवकर उरकतो. हायकूकवी बाशोचा शिष्य मुकाई क्योराई (१६५१–१७०४) याने स्पष्ट सांगून ठेवलंय की साबी म्हणजे उदास किंवा निवांत विषयावरची कविता नव्हे, साबी हा ओळीचा रंग आहे. तो उदाहरण देतो म्हाताऱ्याचं: चिलखत चढवून रणात उतरला किंवा जरीची वस्त्रं लेवून मेजवानीला बसला, तरी त्याचं वय अंगातून दिसतंच. त्याच्याच एका हायकूत फुललेल्या चेरीचे राखणदार आपली पांढरी डोकी एकमेकांजवळ आणून बसलेत. बाशोला त्यात साबी उत्तम उतरलेला वाटला. भोवती ऐन बहर आहे, हे लक्षात घ्या. नुसती म्हातारी माणसं पडक्या घरात बसवली असती तर ती ओळ करुण झाली असती, तिच्यात साबी आला नसता.

वाबीतही असाच ताण लागतो. वाबी मानणाऱ्या चहापंथाचा मूळ पुरुष मानला जातो तो मुराता जुको (१४२३–१५०२). त्याच्या नावावर एक वचन आहे: गवताने शाकारलेल्या झोपडीला उमदा घोडा बांधलेला असावा. नुसती झोपडी म्हणजे गरिबी, नुसता घोडा म्हणजे श्रीमंती. जुकोला दोन्ही एका चौकटीत हवे होते. त्याच्या काळी बड्या घरांत चिनी भांड्यांचा थाट असायचा. त्याने ती फेकून द्यायला सांगितलं नाही; चिनी आणि जपानी वस्तूंमधली सीमारेषा पुसट करा, असं तो शिष्याला लिहितो.

त्याच पत्रात तुमच्या इंटिरियरवाल्यासाठीही एक परिच्छेद आहे, असं म्हटलं तरी चालेल. बिझेन आणि शिगाराकी ही जपानातली खडबडीत, बिनझिलईची भाजकी भांडी. जुको वैतागून लिहितो की हल्ली नवशिकेही अशी भांडी हाती धरतात आणि आपण ‘गारठलेल्या, वाळलेल्या’ सौंदर्याला पोचलो असा आव आणतात. त्याच्या मते ते वाळलेपण चांगल्या वस्तू बाळगून, त्यांची चव पुरती ओळखून, मग मुरत मुरत येतं. म्हणजे ‘गावरान = वाबी’ ही गल्लत पाचशे वर्षांपूर्वीच होत होती आणि तेव्हाच तिच्यावर फटका बसला होता.

आता ‘जुनं’ या भागाकडे येऊ. वाबीचा सर्वांत पक्का नमुना म्हणजे चहागुरू सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याच्या पसंतीने क्योतोच्या चोजिरो या कुंभाराने घडवलेले काळे वाडगे, ज्यांना राकू म्हणतात. १५८६ च्या एका चहानोंदीत ‘सोएकीच्या घाटाचा वाडगा’ येतो. सोएकी हे रिक्यूचंच नाव. या वाडग्यांना त्या काळी म्हणत ‘इमा-याकी’, म्हणजे आत्ताची भाजणी. वाबीचा आदर्श त्या दिवशी कोरा करकरीत होता!

तो घडतो असा. चाक वापरत नाहीत. मातीची जाड पोळी थापून तिच्या कडा तळव्यांनी हळूहळू उभ्या करतात. माती थोडी सुकली की आतून-बाहेरून तासून आकार आणतात. मग क्योतोच्या कामो नदीतल्या दगडाची पूड करून केलेल्या झिलईचे एकावर एक थर चढवतात. छोट्याशा कोळशाच्या भट्टीत एका वेळी एकच वाडगा जातो. झिलई वितळली की लालबुंद वाडगा चिमट्याने बाहेर ओढतात, आणि अशा झटकन थंड होण्याने तो काळा पडतो. चिमट्याची खूण कित्येकदा अंगावर राहते. कोणी ती नक्षी म्हणून काढलेली नसते, पण पुसूनही टाकत नाहीत.

भिंत जाड आणि माती सच्छिद्र, त्यामुळे उष्णता हळू बाहेर येते. माचा म्हणजे हिरव्या चहाची पूड; तिचा दाट चहा, म्हणजे ‘कोइचा’, माणशी सुमारे ४ ग्रॅम पूड घेऊन घोटतात आणि एकच वाडगा पाहुण्यांत फिरतो. शेवटच्यापर्यंत चहा कोमट राहावा आणि हातही भाजू नयेत, हे पातळ पोर्सेलीनला जमत नाही. साधारण ८-९ सेंटीमीटर उंचीचा हा वाडगा दोन तळव्यांत बसतो. चोजिरोने तो मुद्दाम वाकडा केलेला नाही; आकार शांत, जवळपास सरळ आहे. ठळक वाकडेपणा पुढच्या पिढीचा, चहागुरू फुरुता ओरिबेच्या काळातला. कामिया सोतान या व्यापाऱ्याने १५९९ च्या रोजनिशीत ओरिबेकडचा पिळलेला वाडगा पाहून नोंद केली ‘ह्योगेमोनो’, म्हणजे गमतीदार, चेष्टेखोर वस्तू. ती मजा वेगळी, वाबी नव्हे. आज दुकानात ‘वाबी-साबी’ म्हणून विकले जाणारे वाकडे वाडगे खरं तर याच मजेचे वारस आहेत.

मळकटपणाही चालत नाही. चहाच्या खोलीत सगळं करड्या-तपकिरी रंगाचं असलं तरी वाडगा पुसायचं तागाचं फडकं पांढरंशुभ्र लागतं आणि बांबूची घोटणीही ताजी लागते. जुन्या भांड्यांचं जुनेपण त्या पांढऱ्यामुळेच नजरेत भरतं.

मग तुमच्या घरात कसं ओळखायचं? झीज कुठे आहे ते बघा. वापराने झिजलेली वस्तू हात, ओठ किंवा जमीन लागते तिथे झिजते: ओठाची कड, तळाची बैठक, दाराच्या कडीजवळचं लाकूड. मुद्दाम जुनं केलेलं लाकूड सगळीकडे सारखंच घासलेलं असतं. टेक्स्चर पेंटच्या भिंतीवर तोच फटकारा दर हातभर अंतरावर पुन्हा दिसतो. शिवाय तो प्लॅस्टिकचा थर मुरत नाही, वर्षांनी पोपडे धरून सुटतो आणि पुन्हा रंगवावा लागतो. आणि खोलीत सगळंच खडबडीत असेल तर जुकोची झोपडी आहे, पण घोडा नाही. एखादी नेटकी, गुळगुळीत वस्तू तिथे आणून ठेवा, खडबडीत भिंत लगेच वेगळी दिसेल.

साबी हातात अनुभवायचा असेल तर हागी गावच्या मातीचा वाडगा घ्या. त्याच्या झिलईत बारीक तडे असतात, त्यांतून चहा झिरपून वर्षानुवर्षं रंग बदलत जातो. दर वेळी वापरण्याआधी तो साध्या पाण्यात थोडा वेळ बुडवा, म्हणजे चहा एकदम आत शिरणार नाही. धुतल्यावर डब्यात बंद करू नका. सच्छिद्र माती आतपर्यंत सुकायला काही दिवस लागतात, कोकणच्या पावसाळ्यात त्याहून जास्त. ओलसर ठेवला तर काळे ठिपके पडून कुबट वास येतो, आणि ती बुरशी असते. चहाचा डाग तड्यांच्या रेषांवरून पसरतो, बुरशी ठिपक्याठिपक्यांनी उगवते. असे ठिपके दिसले तर वाडगा उकळून उन्हात खडखडीत वाळवा. उकळताना तो थंड पाण्यातच ठेवून आंच हळूहळू वाढवा, एकदम उकळत्यात टाकला तर तडकतो.