पुनरावर्तन, विगमन आणि झाकणांची उतरंड

*प्रश्न: ‘हनॉयच्या मनोऱ्याच्या कोड्यात रिकर्शनला पुनरावृत्ती म्हणावं का? आणि पुढे इंडक्शनने सूत्र सिद्ध करतात त्याला विगमन म्हणतात, ते बरोबर आहे का? मला दोन्ही शब्द एकाच गोष्टीचे वाटतात.’*

आधी त्या मनोऱ्याबद्दल. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने 1883मध्ये हे कोडं बाजारात आणलं आणि त्याला मनोरा म्हटलं. पण खाली सगळ्यात मोठं, त्यावर त्याहून लहान, अशा रचनेला आपल्याकडे उतरंड हा नेमका शब्द आहे. आमच्या घरी तुळशीबागेतून आणलेली उतरत्या मापाची स्टीलची झाकणं आहेत, त्यांचीच उतरंड मी इथे घेतो. जागा तीन: अ, ब, क. एका वेळी सगळ्यात वरचं एकच झाकण उचलायचं, मोठं कधीही लहानावर ठेवायचं नाही, आणि अ वरची उतरंड क वर न्यायची.

तीन झाकणं घ्या. लहान क वर, मधलं ब वर, लहान ब वर. तीन चालींत दोघांची धाकटी उतरंड ब वर तयार झाली. आता मोठं क वर, ही चौथी चाल. मग लहान अ वर, मधलं क वर, लहान क वर. एकूण सात.

इथे पुन्हा आलं ते काय? तीच चाल नव्हे, तोच प्रश्न, पण एका झाकणाने लहान होऊन. म्हणून मला ‘पुनरावृत्ती’ पटत नाही. त्या शब्दाने आपल्याला जसंच्या तसं पुन्हा होणं कळतं, आणि प्रोग्रॅममधल्या लूपला तो चांगला शोभतो. ‘आवर्तन’ही अडचणीचं: तबल्याचं आवर्तन दर वेळी तेवढ्याच मात्रांचं असतं, आवर्ती दशांशात तेच अंक फिरत राहतात. मी ‘पुनरावर्तन’ लिहितो. मूळ धातू ‘वृत्’च, पण हा शब्द रोजच्या वापरात कमी घासला गेला आहे, त्यामुळे ‘धाकट्या रूपाकडे परत वळणं’ हा अर्थ त्याला देता येतो.

n झाकणांना लागणाऱ्या किमान चाली T(n) म्हटल्या, तर T(n) = 2T(n−1) + 1 आणि T(1) = 1. यातल्या ‘किमान’कडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. वरच्या रीतीने एवढ्या चालींत काम होतं हे दिसलं, पण याहून कमीत होणार नाही कशावरून? सगळ्यात मोठं झाकण पहिल्यांदा हलवायचं तर त्याच्यावर काही नको आणि ते जिथे जाणार ती जागाही रिकामी हवी. म्हणजे बाकीची n−1 झाकणं उरलेल्या एकाच जागी उतरंड करून बसलेली हवीत, आणि त्याला निदान T(n−1) चाली लागणारच. मोठं झाकण शेवटचं क वर पोचल्यानंतरही तेच. मधे त्याची स्वतःची निदान एक चाल. म्हणून बरोबरीचं चिन्ह खरं ठरतं.

आता विगमन. संबंधावरून उत्तरं येतात 1, 3, 7, 15, 31. प्रत्येकात एक मिळवला की 2, 4, 8, 16, 32, म्हणून T(n) = 2ⁿ − 1 असावं असं मन म्हणतं. तर्कशास्त्रात विगमन म्हणतात ते हे: काही उदाहरणांवरून सर्वांबद्दलचा अंदाज. तो फसूही शकतो. वर्तुळावर बिंदू घेऊन ते सगळे एकमेकांना जोडले, तर वर्तुळाचे जास्तीत जास्त तुकडे 1, 2, 4, 8, 16 असे वाढतात आणि सहा बिंदूंना 32 ऐवजी 31 होतात.

‘गणिती विगमन’ हा अंदाज नाही. त्यात निष्कर्ष अटळ असतो, म्हणजे जातीने ते निगमनच आहे. तुमचा गोंधळ या नावामुळेच होत असावा. तरी शब्द रुळलेला आहे. तो ठेवावा, फक्त ‘गणिती’ हे विशेषण गाळू नये.

सिद्धता छोटी आहे. n = 1 असताना 2¹ − 1 = 1, हा पाया. k झाकणांना सूत्र खरं धरलं, तर T(k+1) = 2(2ᵏ − 1) + 1 = 2ᵏ⁺¹ − 1, ही पायरी. पुनरावर्तन मोठ्या उतरंडीकडून धाकटीकडे उतरतं, गणिती विगमन एका झाकणापासून वर चढतं. जिना तोच, दिशा उलट, म्हणून दोन शब्द हवेतच.

आणि पाया तपासणं हा उपचार नाही. कुणी 3·2ⁿ − 1 हे सूत्र मांडलं तर पायरी बिनचूक जुळते: 2(3·2ᵏ − 1) + 1 = 3·2ᵏ⁺¹ − 1. पण एका झाकणाला ते पाच चाली सांगतं, आणि आपण ते एकाच चालीत उचलून ठेवतो.