चेटकिणीच्या झोपडीतली तीन लाकडं

प्रश्न: ॲनिमेशन सिनेमांत लपवलेले संदर्भ लोकांना सापडतात तरी कसे? आणि ते मुद्दाम ठेवलेले असतात की आपल्यालाच भास होतो, हे कसं ओळखायचं?

पिक्सारच्या ‘ब्रेव्ह’मधली (2012) चेटकिणीची झोपडी घेऊ. एवढ्याशा जागेत तिथे बरंच काही दडलंय.

झोपडीच्या दारावर ACXIII अशी अक्षरं कोरली आहेत. CXIII म्हणजे रोमन अंकांत 113, म्हणून ते A113 झालं. कॅलिफोर्नियातल्या कॅलआर्ट्स या संस्थेत A113 नावाची एक वर्गखोली होती. जॉन लॅसेटर, ब्रॅड बर्ड अशी पुढे नावारूपाला आलेली बरीच मंडळी त्या खोलीत शिकली. तिची आठवण म्हणून ते हा आकडा आपापल्या कामात ठेवत आले. ‘टॉय स्टोरी’त (1995) तो अँडीच्या आईच्या गाडीच्या नंबरप्लेटवर आहे. मध्ययुगीन स्कॉटलंडमध्ये नंबरप्लेट आणणार कुठून? म्हणून इथे तो दारावर कोरला. आकडा तोच आणि वेष त्या काळाला साजेसा, हे मला फार आवडतं.

आत चेटकिणीच्या कोरीवकामात आणखी दोन ओळखीच्या वस्तू दिसतात: ‘टॉय स्टोरी’तल्या पिझ्झा प्लॅनेट या पिझ्झाच्या दुकानाची गाडी आणि ‘मॉन्स्टर्स, इंक.’मधला राक्षस सली. खरा वाद या दोघांवरून होतो. 2013 मध्ये गाजलेल्या एका तर्कानुसार पिक्सारचे सगळे सिनेमे एकाच जगात घडतात आणि ही चेटकीण म्हणजे सलीची छोटी मैत्रीण बू आहे, आता म्हातारी झालेली. सलीच्या शोधात ती दारांतून काळ ओलांडत राहिली, म्हणून तिला त्याचा चेहरा कोरता येतो, असं तो तर्क सांगतो. चेटकीण दारांतून गायब होते, हे त्याला पूरकही आहे. ऐकायला हे सुंदर वाटतं.

पण अशा वेळी मी आधी एक गोष्ट बघतो: ही वस्तू याच सिनेमात आहे, की इतरत्रही तशीच फिरते? पिझ्झा प्लॅनेटची गाडी ‘टॉय स्टोरी’पासून पिक्सारच्या जवळपास प्रत्येक सिनेमात डोकावते. मग एकट्या ‘ब्रेव्ह’मध्ये ती कथेचा पुरावा कशी ठरेल? ती स्टुडिओची सही आहे आणि A113 हीसुद्धा सहीच. सलीलाही मी याच रांगेत बसवतो. याउलट ‘वॉल-ई’मध्ये (2008) A113 हा जहाजाच्या ऑटोपायलटला दिलेला गुप्त आदेश आहे, पृथ्वीवर परतू नका असं सांगणारा. तिथे आकडा काढून घेतला तर त्या जागी दुसरं काहीतरी नाव द्यावं लागेल, कारण गोष्ट त्या आदेशावर उभी आहे. झोपडीतली गाडी काढली तर गोष्टीला धक्काही लागत नाही. हा फरक माझ्या दृष्टीने निर्णायक आहे.

ॲनिमेशनमध्ये चौकटीत आपोआप काही येत नाही, प्रत्येक वस्तू कुणीतरी घडवलेली असते. म्हणून लोकांना वाटतं की तिचा काही अर्थ असणारच. पण मुद्दाम ठेवणं वेगळं आणि त्यात कथेचा अर्थ भरणं वेगळं. ‘अप’मध्ये (2009) एका मुलीच्या पलंगाजवळ ‘टॉय स्टोरी 3’मधला लॉट्सो अस्वल पडलेला दिसतो. पुढच्याच वर्षी येणाऱ्या सिनेमाची ती चुणूक होती. दोन्ही कथांचा एकमेकींशी काही संबंध नाही.

भासाचं उदाहरण हवं तर ‘द लायन किंग’ (1994) बघा. सिम्बा कड्यावर धपकन अंग टाकतो आणि धूळ उडते. त्या धुळीत SEX असं लिहिलंय, अशी तक्रार अमेरिकेतल्या एका संघटनेने 1995 मध्ये केली. ती अक्षरं SFX होती, म्हणजे स्पेशल इफेक्ट्स विभागाची सही, असं खुलासा करणाऱ्यांचं म्हणणं. पुढच्या आवृत्तीत ती धूळ बदलली. एकदा शब्द ऐकून पाहिलं की डोळा तोच शब्द पुरा करतो. म्हणून कुणाला चित्र दाखवताना मी आधी काही सांगत नाही, फक्त ‘काय दिसतंय?’ एवढंच विचारतो. चार जणांनी चार वेगळी उत्तरं दिली, तर तिथे संदर्भ नाही असं मी धरतो.

आता सापडतात कसे, ते सांगतो. सिनेमा सेकंदाला 24 चौकटी दाखवतो, त्यामुळे अर्ध्या सेकंदाची वस्तू 12 चौकटींत असते. VLC या व्हिडिओ प्लेअरमध्ये सिनेमा थांबवून `E` दाबत गेलात की एकेक चौकट पुढे सरकते. पात्रांकडे न बघता पाट्या, नंबरप्लेट, पुस्तकांच्या कडा आणि मुलांच्या खोल्यांची जमीन बघा. फक्त प्रत चांगली घ्या. फाइल लहान करण्यासाठी जास्त दाबलेल्या व्हिडिओत अंधारातली बारीक अक्षरं चौकोनी डागांत विरघळतात आणि त्या डागांतून कुणालाही काहीही वाचता येतं. धूसर स्क्रीनशॉटवर उभा असलेला दावा मी मूळ दृश्य ब्लू-रेवर बघेपर्यंत मान्य करत नाही. आणि आधीच्या-नंतरच्या दोन-तीन चौकटीही तपासतो, कारण कोरलेलं अक्षर कॅमेरा हलला तरी लाकडावरच राहतं, डाग मात्र पुढच्या चौकटीत आकार बदलतो.